लेखात ‘दुष्काळ’ शब्दाची व्याख्या मी स्वतः ठरवली तर चालते का?

माणकाठ
नमस्कार मंडळी. सांगली-सोलापूरच्या सीमेवरच्या गावांच्या पाण्यावर मी एक मोठा लेख लिहून एका त्रैमासिकाला पाठवला होता. दुसऱ्याच परिच्छेदात मी लिहिलंय: “या लेखात दुष्काळ म्हणजे फेब्रुवारी संपण्याआधीच गावाला पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लागणे.” पुढचा सगळा लेख या वाक्यावर उभा आहे.

लेख परत आला. समासात शेरा होता: “व्याख्या लेखकाची स्वतःची आहे. शब्दकोशातली किंवा शासनमान्य व्याख्या घ्यावी.”

पैसेवारी पीक मोजते. शासनाची दुष्काळ संहिता पावसापासून सुरू होते. बायका पहाटे तीनला उठून टँकरची वाट बघत बसतात, ते यातल्या कुठल्याच मोजणीत येत नाही आणि मला नेमकं तेच मोजायचंय. जे मोजायचंय त्याला धरून व्याख्या ठरवायचा अधिकार लेखकाला आहे की नाही? आणि असेल तर कुठवर?

झुंजार
पूर्ण अधिकार आहे. ठरवून घेतलेली व्याख्या चूक किंवा बरोबर असूच शकत नाही. गणितात १ ला मूळ संख्या म्हणत नाहीत, कारण तसं ठरवलंय. त्यावर कुणी कोश उघडून वाद घालत नाही. तुम्ही ‘या लेखात’ असं लिहिलंत, विषय संपला. संपादकांना कळवा आणि लेख दुसरीकडे पाठवा.

शुभदा_क
झुंजार, निम्मं पटलं. ‘मी या शब्दाने असं म्हणेन’ हा करार आहे, आणि करार खोटा नसतो हे खरं. पण १ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. १ ला बाहेर ठेवलं ते कुणाच्या मर्जीने नाही. त्याला आत घेतलं तर ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हे विधान मोडतं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ‘१ सोडून’ असं लिहीत बसावं लागतं. म्हणजे ठरवलेल्या व्याख्येलाही कारण द्यावं लागतं, ती काहीतरी काम करते हे दाखवावं लागतं.

आणि शेरा लिहिणाऱ्यांबद्दल एक. ‘शब्दकोशातली किंवा शासनमान्य’ असं त्यांनी लिहिलंय, जणू दोन्ही एकच. कोश म्हणजे लोक शब्द कसा वापरतात याची नोंद. शासनाची व्याख्या म्हणजे कुणाला मदत द्यायची याची रेघ. ५० पैशांच्या आतली पैसेवारी कुठल्या कोशात सापडणार? तीही कुणीतरी कामासाठी ठरवूनच घेतलीय. मग माणकाठ यांनी ठरवली तर आक्षेप कशाला, हा प्रश्न उरतोच.

बोरगावकर
आमच्या तालुक्यात टँकर चालू आहेत, पण तालुका दुष्काळाच्या यादीत नाही. या व्याख्येने आम्हाला परीक्षा फी माफी आणि वीजबिलातली सूट मिळेल का? अर्ज कुणाकडे करायचा?

ग्रामसेवक_भाऊ
बोरगावकर दादा, इथे लेखातल्या व्याख्येची चर्चा चाललीय. ती तहसीलदारांवर बंधनकारक नाही. सवलती शासन निर्णयातल्या यादीप्रमाणे मिळतात. तुमचं महसूल मंडळ यादीत आहे का ते तहसील कार्यालयात विचारा. २०२३ मध्ये आधी ४० तालुके जाहीर झाले आणि काही दिवसांतच १०२१ महसूल मंडळं ‘दुष्काळसदृश’ म्हणून जोडली गेली. तालुका नसला तरी मंडळ असू शकतं.

बोरगावकर
धन्यवाद भाऊ. मंडळाचं माहीत नव्हतं, सोमवारी जाऊन बघतो.

अ‍ॅड_गोदातीर
कायद्यात हे आम्ही रोज करतो. कुठलाही अधिनियम उघडा, सुरुवातीलाच व्याख्यांचं कलम असतं आणि ते साधारण असं सुरू होतं: ‘या अधिनियमात, संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर…’. या अर्धवट वाक्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, हा अर्थ या कायद्यापुरताच. दुसरी, एखाद्या कलमात हा अर्थ बसतच नसेल तर तिथे ओढूनताणून बसवू नका.

पुढे ‘म्हणजे’ आणि ‘यात समावेश होतो’ यातही मोठा फरक असतो. ‘म्हणजे’ असेल तर सांगितलं तेवढंच, दार बंद. ‘समावेश होतो’ असेल तर नेहमीचा अर्थ कायम राहतो आणि त्यात भर पडते. माणकाठ, तुम्ही ‘म्हणजे’ लिहिलंय. तुमच्या व्याख्येने पीक गेलेला पण विहिरीला प्यायचं पाणी असलेला गाव दुष्काळातून बाहेर जातो. तुम्हाला तसंच हवंय का?

आणि शासनाने शब्दाशी काय केलंय तेही बघा. १९६३ साली महाराष्ट्रात कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी टंचाई आली. परिस्थितीवर शासनाचं सतत लक्ष असतं, त्यामुळे त्या थराला गोष्टी जाण्याला आता वाव नाही, अशी भूमिका होती. नऊ वर्षांनी १९७२ आलं.

कयाधू
हिंगोलीकडून. आमच्याकडे ‘ओला दुष्काळ’ म्हणतात. शेतात गुडघाभर पाणी, सोयाबीन कुजलेलं, आणि लोक म्हणतात दुष्काळ पडला. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर सगळीकडे हीच मागणी होती, आणि उत्तर आलं की संहितेत असा शब्द नाही, पण दुष्काळातल्या सवलती देऊ.

म्हणजे आमच्या बोलण्यात दुष्काळ पाण्याचा नाही, घरात काही न येण्याचा आहे. पाऊस कमी झाला काय, जास्त झाला काय, हंगाम हातचा गेला की दुष्काळ. माणकाठ यांची व्याख्या यातलं मुख्य तेच सोडते आणि टँकर पकडते.

माणकाठ
कयाधू, मुद्दा पोचला. पण मी मुद्दामच सोडतोय. पिकावर आजवर भरपूर लिहिलं गेलंय. विमा, पैसेवारी, पंचनामे, सगळं पिकाभोवती फिरतं. पाण्याच्या रांगेला वेगळं नाव दिल्याशिवाय ती दिसत नाही.

गोदातीर साहेब, हो, ‘म्हणजे’च हवंय. पीक गेलं पण प्यायचं पाणी आहे, असा गाव माझ्या लेखात नाही. त्याचं दुःख मी नाकारत नाही, ते माझ्या मोजणीत नाही इतकंच.

भातसाकाठ
मग आमचा शहापूर तालुका तुमच्या लेखात हवाच. पावसाळ्यात इथे बदाबदा कोसळतं. भातसा, तानसा, मोडकसागर इथेच, मुंबई आमच्या धरणांवर पाणी पिते. आणि उन्हाळा आला की आमच्याच पाड्यांवर टँकर. तुमच्या ‘फेब्रुवारी संपण्याआधी’मुळे आमचे बरेच पाडे बाहेर राहतील, कारण आमच्याकडे मार्च-एप्रिलला सुरू होतो. तारीख कुठून आणलीत? मे महिना धरलात तर आम्ही दुष्काळी, फेब्रुवारी धरलात तर सुखी?

झुंजार
तारीख कुठली तरी धरावीच लागते. मतदानाचं वय १८ आहे, १७ वर्षं ११ महिन्यांचा मुलगा काही बिनडोक नसतो.

भातसाकाठ
रेघ कुठे तरी हवी हे मान्य. तिथेच का, एवढंच विचारतोय. मतदानाचं वयही आधी २१ होतं, ते १८ करताना संसदेत कारणं द्यावी लागलीच की.

अन्वय
उशिरा आलो. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अधिकाराबद्दल वाद नाही. सतराव्या शतकात पास्कलने लिहून ठेवलंय की नाव देण्याचं स्वातंत्र्य पूर्ण आहे, मात्र एकच नाव दोन गोष्टींना देऊ नये. ती चूक पकडायची रीतही त्याने दिली: जिथे जिथे शब्द येतो तिथे मनातल्या मनात त्याची व्याख्या घालून वाचा. ही रीत आजही इतकी कामाची आहे की मी विद्यार्थ्यांकडून पेन्सिलीने करून घेत असे. माणकाठ, लेखातली ‘दुष्काळ’ शब्द असलेली चार-पाच वाक्यं इथे टाकता का? वेगवेगळ्या भागांतली निवडा.

माणकाठ
घ्या सर.

पहिलं: “या पट्ट्यातल्या काही गावांत पाऊस सरासरीइतका पडूनही दुष्काळ होता.”
दुसरं: “२०१८ मध्ये शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांपैकी ११२ तालुक्यांत गंभीर.”
तिसरं: “दुष्काळात घरातली मुलगी आधी शाळेतून निघते.”
चौथं: “दुष्काळ शेतकऱ्याला कर्जात ढकलतो.”
पाचवं: “इतका दुष्काळ असूनही या गावांना दुष्काळी सवलती नाहीत, हा अन्याय आहे.”

अन्वय
आता ‘दुष्काळ’ खोडून ‘फेब्रुवारीआधी टँकर लागणे’ घालून वाचू.

पहिलं वाक्य उत्तम चालतं. पाऊस सरासरीइतका, तरी फेब्रुवारीआधी टँकर. आणि खरं सांगू का, हे वाक्य लिहिता यावं यासाठीच तुमची व्याख्या जन्माला आलीय. पावसावर आधारलेली व्याख्या घेतली तर हे वाक्य लिहिताच येत नाही, ते स्वतःलाच खोडतं. आपली व्याख्या करायला याहून चांगलं कारण नसतं: प्रचलित अर्थ घेतला तर जे दाखवायचंय ते उच्चारताच येत नाही.

दुसरं वाक्य पार कोसळतं. ‘शासनाने १५१ तालुक्यांत फेब्रुवारीआधी टँकर लागणे जाहीर केलं’? शासनाने ३१ ऑक्टोबरला जाहीर केलं, तेव्हा फेब्रुवारी यायचा होता. तिथला दुष्काळ संहितेतला आहे. पावसाची तूट किंवा मोठा खंड ही पहिली पायरी, ती लागू झाली तरच पेरणी, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती वगैरे बघतात. एकाच लेखात एका शब्दाखाली दोन मोजण्या आल्या. वाचक तुमची गावं आणि त्यांचे तालुके एका तराजूत घालणार, आणि ती तुलना खोटी ठरणार.

तिसरं वाक्य चालतं, पण आता ते पुराव्याचं ओझं घेऊन येतं. टँकर लागतो तिथे मुलींची हजेरी खरंच घटते का, हे शाळेच्या हजेरीपटावरून दाखवावं लागेल. ‘दुष्काळ’ लिहिलं होतंत तेव्हा वाचकाने न विचारता मान हलवली असती.

चौथ्यातही तेच, पण जास्त धोक्याचं. कर्जात ढकलतो तो पिकाचा दुष्काळ, कयाधूंनी सांगितला तो. टँकरचा आणि कर्जाचा संबंध असेलही, पण तो व्याख्येतून निघत नाही. नेहमीचा अर्थ मागच्या दाराने आत आला तो इथे.

पाचव्यात तर एकाच वाक्यात दोन्ही आहेत. पहिला ‘दुष्काळ’ तुमचा, ‘दुष्काळी सवलती’तला शासनाचा.

झुंजार
सर, म्हणजे पाचातली तीन वाक्यं बाद. मग व्याख्या चुकली असं साधं म्हणा ना.

अन्वय
नाही. व्याख्या ठीक आहे, ती पाळली गेली नाही. आणि ती पाळणं इतकं अवघड का जातं, तर शब्द फार वापरातला आहे. ‘क्ष’ला कोणताही अर्थ द्या, तो चिकटून राहतो. ‘दुष्काळ’ला नवा अर्थ दिला तर दोन पानांनी वाचकही विसरतो आणि लिहिणाराही.

त्याहून कठीण एक बाब आहे. चार्ल्स स्टीव्हन्सन या तत्त्वज्ञाने १९३८ मध्ये तिच्यावर बोट ठेवलं. काही शब्दांना भावनेचा भार असतो. अर्थ बदलायचा पण भार तसाच ठेवायचा, म्हणजे वाचकाची मान्यता फुकटात मिळते. दुष्काळ म्हटलं की बहात्तर डोळ्यांसमोर येतं, खडी फोडणारे हात येतात. तो भार तुमच्या व्याख्येने कमावलेला नाही, शब्दाने आणलाय. म्हणून विचारतो: ‘पाणीटंचाई’ का नाही लिहिलंत?

माणकाठ
कारण ‘टंचाई’ हा शब्द सरकारी फायलीत झिजून गेलाय. वर गोदातीर साहेबांनी १९६३ चं सांगितलंच. शासनाने शब्द काढून भार उतरवला, तर मी तो परत चढवला यात अप्रामाणिकपणा कुठला? २०१६ मध्ये तर ‘दुष्काळसदृश’ नको, ‘दुष्काळ’ म्हणा, यासाठी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शासनाला शब्द बदलावा लागला. लोक शब्दासाठी भांडतात ते उगाच नाही.

अन्वय
तो युक्तिवाद मला आवडला. पण मग तो लेखात उघडपणे करा. ‘या गावांच्या स्थितीला दुष्काळ म्हणायला हवं, कारण…’ असं लिहिलंत की तो दावा होतो, त्यावर वाद घालता येतो. ‘या लेखात दुष्काळ म्हणजे…’ असं लिहून तोच दावा करार म्हणून पुढे केलात की वाचकाला हरकत घ्यायला जागाच उरत नाही. दोन्हींतलं एक निवडावं लागेल.

शुभदा_क
सर, इथे मी माणकाठ यांच्या बाजूने. कोशातले अर्थसुद्धा असेच बदलत आलेत. कुणीतरी आधी आपल्या लेखापुरता वापरतो, दहा जण उचलतात, मग कोशकार नोंदवतो. आधी दावा सिद्ध करा मग शब्द वापरा, असं म्हटलं तर एकही शब्द हलणार नाही.

अन्वय
शुभदाताई, शब्द हलू दे की. हलतोय हे वाचकाला दिसलं पाहिजे, एवढंच.

ग्रामसेवक_भाऊ
मी तर्कशास्त्र शिकलेलो नाही, पण माणकाठ यांनी आकडे कुठून घेतले ते विचारायचंय. पंचायत समितीच्या टँकर अहवालातून का?

माणकाठ
हो भाऊ, तिथूनच. गावनिहाय टँकर कधी सुरू झाला, किती खेपा, असं.

ग्रामसेवक_भाऊ
मग ऐका. तुम्ही लिहिलंय ‘टँकर लागणे’. अहवालात आहे ‘टँकर मंजूर होणे’. ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

गावात पाणी आटलं की ग्रामपंचायत ठराव करते, प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्याकडून संयुक्त पाहणी होते. जवळपास कुणाच्या खाजगी विहिरीला किंवा बोअरला पाणी असेल तर आधी ती अधिग्रहित करतात, त्याचा मोबदला मालकाला मिळतो. ते पुरेनासं झालं की मग टँकर. म्हणजे अहवालातली तारीख ही पाणी संपल्याची तारीख नाही. पाठपुरावा करणारा सरपंच असला तर प्रस्ताव लवकर हलतो, नसला तर पडून राहतो. अधिग्रहित विहिरीवर रांग लावणारं गाव तुमच्या मोजणीत येतच नाही, आणि स्वतःच्या पैशाने खाजगी टँकर आणणाऱ्या वाड्या तर कुठल्याच कागदावर नाहीत.

तुम्ही ज्या बायांसाठी व्याख्या केलीत, त्यांतल्या सगळ्यात गरीब वाडीवरच्या बाया त्यामुळेच सुटतात.

अन्वय
भाऊ, मी वाक्यं तपासत बसलो आणि तुम्ही पायाच तपासलात. व्याख्या एक सांगते आणि आकडे दुसऱ्याच व्याख्येने गोळा केलेले, हा दोष पेन्सिलीच्या रीतीने सापडत नाही. त्याला आकडा कसा तयार होतो ते माहीत असलेला माणूस लागतो.

कयाधू
मग भाऊ, मोजायचं कशावरून?

ग्रामसेवक_भाऊ
अधिग्रहणाची यादी आणि टँकरची यादी, दोन्ही एकत्र घ्या. दोन्हींतली जी आधीची तारीख असेल ती धरा. अधिग्रहणाचे आदेश तहसीलमध्ये असतात, माहिती अधिकारात मिळतात. खाजगी टँकर तरीही सुटणार. त्याला गावात जाऊन विचारण्याशिवाय इलाज नाही. तेवढं लेखात स्पष्ट लिहा.

अ‍ॅड_गोदातीर
अर्जात ‘अधिग्रहण आदेशांच्या प्रती, गावनिहाय, तारखेसह’ असं नेमकं लिहा. नुसतं ‘पाणीटंचाईची माहिती’ लिहिलंत तर कृती आराखड्याचं बाड हातात देतील.

भातसाकाठ
आणि तारखेचं उत्तर राहिलं बरं का.

माणकाठ
देतो. फेब्रुवारी धरला कारण आमच्याकडे रब्बीची ज्वारी त्या सुमाराला काढणीला येते. त्याआधी टँकर आला तर घरातल्या बाईला एकाच वेळी रानात आणि रांगेत उभं राहावं लागतं. मार्चनंतर निदान रानातलं काम हलकं होतं. हे कारण लेखात नव्हतं, आता घालतो. शहापूरला हे कारण लागू नाही, तुमच्याकडे भात दिवाळीच्या आसपासच निघतो. तुमच्यासाठी रेघ वेगळी असेल आणि ती तुम्हीच ठरवावी.

आता जे करणार आहे ते सांगतो. दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य असं केलंय: “फेब्रुवारी संपण्याआधी ज्या गावासाठी विहीर अधिग्रहित करावी लागली किंवा टँकर मंजूर झाला, त्या गावाच्या स्थितीला या लेखात ‘रांगेचा दुष्काळ’ म्हटलं आहे.” शासनाचा आकडा येतो तिथे ‘जाहीर दुष्काळ’. कर्जाचं वाक्य काढलं, तो माझा विषय नाही. मुलींचं ठेवलंय, दोन शाळांचे हजेरीपट मिळताहेत का बघतो. पाचवं असं झालं: “रांगेचा दुष्काळ असलेली ही गावं जाहीर दुष्काळात नाहीत.” त्यापुढे हा अन्याय का, यावर दीड पान आहे. तिथे ही व्याख्या पुराव्यासारखी वापरलेली नाही.

‘दुष्काळ’ शब्द मात्र सोडणार नाही.

अन्वय
जोडशब्द केलात हे बरं केलंत, वाचक नेहमीच्या अर्थावर घसरण्याचा धोका बराच कमी होतो. भार अजून उसनाच आहे असं माझं मत, त्या दीड पानात तो कमावला गेलाय का ते वाचल्यावर सांगेन.

शुभदा_क
मला ‘रांगेचा दुष्काळ’ पटला. फक्त शीर्षकात नुसता ‘दुष्काळ’ असेल तर तेही बदला. शीर्षक व्याख्येच्या आधी वाचलं जातं, तिथे लोक नेहमीचाच अर्थ घेणार.

बोरगावकर
भाऊ, तहसीलमध्ये जाऊन आलो. आमचं मंडळ यादीत आहे. फी माफीचं शाळेतूनच होतं म्हणाले.

ग्रामसेवक_भाऊ
छान झालं दादा. मुख्याध्यापकांना शासन निर्णयाची प्रत दाखवा. माणकाठ, तुमच्या गटातल्या अधिग्रहणाच्या याद्या कुठल्या टेबलावर असतात ते व्यनि करतो.